पेटीतले घरजावई

मला फळ्यावर चित्रं काढायची हौस होती, आणि विनोद करायची त्याहून जास्त. चित्रांनी कुणाचं काही बिघडलं नाही. विनोदाने मात्र एका माणसाच्या पोटावर पाय येणार होता, आणि तो पाय माझा होता. त्या माणसाने मला माझ्याच चुकीतून कसं बाहेर काढलं, ते लिहून ठेवायचं बरीच वर्षं राहून गेलं.

भिवंडीत आमच्या वस्तीत घरागणिक एक तरी माणूस लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. वडील नगरपालिकेत होते म्हणून आम्ही त्यातून सुटलो. त्यांनी मला शिकवलं, आणि विज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा सगळ्यांना वाटलं की हा आता बँकेत नाहीतर शाळेत चिकटणार. मी चिकटलो मधमाश्यांना. सरकारी मध विभागात मधुक्षेत्रिक म्हणून रोजंदारीवर लागलो. काम म्हणजे गावोगाव जायचं, लोकांना मधपेट्या द्यायच्या, त्या कशा पाळायच्या ते शिकवायचं आणि दर पंधरवड्याला जाऊन बघायचं. आई बरेच दिवस शेजारी कुणाला सांगतच नव्हती. विचारलंच तर म्हणायची, "शेतकी खात्यात आहे."

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे सातेरी मधमाशी होती. आपली गावठी माशी, लहानखुरी, चपळ, जरा काही झालं की घर सोडून जाणारी. तिच्यावर माझा हात बसला. मग नव्वदनंतर कधीतरी तिच्यात रोग शिरला. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन घरातच मरायच्या. बघता बघता माझ्या हद्दीतल्या पेट्या रिकाम्या झाल्या. दोन वर्षं मी रिकाम्या पेट्यांना भेटी देत फिरलो. नंतर वरून ठरलं की त्या रोगाला दाद न देणारी इटालियन माशी आणायची. ती मोठी, पिवळी, शांत आणि मधाला दांडगी. लाभार्थी निवडा, प्रशिक्षण द्या, पेट्या वाटा, असा हुकूम आला.

दिघाशीच्या बाजूला एका वाडीत ते प्रशिक्षण झालं. ज्यांच्या अंगणात झालं त्या बाई विधवा होत्या. त्यांची भातशेती होती, पावसाळ्यानंतर काकडी आणि वाल, आणि बांधाच्या कडेने जांभळाची सात-आठ मोठी झाडं. एकुलती एक मुलगी होती, ती वज्रेश्वरीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला मास्तर. आमच्या वस्तीचं नाव सांगितल्यावर काही घरांत मला ओट्यावरच चहा यायचा. मावशींनी पहिल्या दिवशी पाटावर बसवून भाकरी वाढली आणि वर विचारलं, "काय मास्तर, वालाची भाजी खातो का न्हाय?" त्या भाकरीचे उपकार मी विसरलेलो नाही, आणि त्याच घराशी मी वाईट वागलो म्हणून आणखीच विसरलेलो नाही.

तर त्या दिवशी अंगणात पंचवीसेक माणसं बसली होती. मी फळ्यावर तीन माश्या काढल्या आणि सुरू झालो. ही राणी. पेटीत एकच. पोट लांब, म्हणून पंख आखूड वाटतात. काम एकच, अंडी घालणं. ही कामकरी. हीही मादीच, पण हिला लहानपणी राजान्न, म्हणजे राणीचं खास खाणं, तीनच दिवस मिळालं, राणीला शेवटपर्यंत मिळालं, म्हणून एक राणी झाली आणि दुसरी मोलकरीण. हिच्या मागच्या पायांना पराग भरून आणायला टोपल्या आहेत, पोटाखालून मेण पाझरतं, आणि टोकाला काटेरी नांगी आहे. एकदा डंख मारला की नांगी आपल्या अंगात राहते आणि ही मरते. अशा हजारो.

मग मी तिसऱ्या चित्रावर खडू आपटला. "आणि हा नर. आडवा-तिडवा, बसक्या पोटाचा. डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना भिडलेत. नांगी नाही. जीभ आखूड, फुलातला मध काढता येत नाही. पायाला टोपली नाही. मेण करत नाही, राखण करत नाही. लहान असताना कामकरी भरवतात, मोठा झाला की साठवलेला मध खातो. फुलं संपली की कामकरी त्याला हाकलून देतात. थोडक्यात काय, हा पेटीतला घरजावई!"

हशा पिकला. मला वाटलं विनोद जमला. मग दिसलं की सगळे हसता हसता मागे वळून बघतायत. मागे, गोठ्याच्या खांबाला टेकून, तिशीचा एक माणूस बसला होता. तोही हसत होता, जरा उशिराने. तो मावशींचा घरजावई होता, हे मला चहाच्या वेळी कळलं. त्या दिवसापासून गावात नरांना जावई आणि त्याला नर म्हणायला लागले.

त्याची गोष्ट एवढीच. मामाने वाढवलेला पोर, चौदाव्या वर्षी भिवंडीत लूमवर लागला. सोळा वर्षं त्या खडखडाटात काढली आणि कान गेले. पूर्ण गेले नव्हते. समोर तोंड करून, डाव्या बाजूने बोललं की ऐकू यायचं. डॉक्टरने सांगितलं होतं की उरलेलं ऐकू यायला हवं असेल तर लूमचं तोंड बघू नकोस. म्हणून बायकोला घेऊन तो सासरी राहायला आला होता. शेतातलं काम त्याला येत नव्हतं. नांगर धरला तर बैल त्याच्याकडे वळून बघायचे, असं मावशीच सांगायच्या, त्याच्यासमोर, चांगल्या मोठ्याने.

संध्याकाळी मी फळा पुसत होतो तेव्हा तो जवळ आला. "साहेब, एक मिनट. मग ते नर असतात कशाला?"

मी सांगितलं, राणी आयुष्यात एकदाच काही दिवस बाहेर उडते, तेव्हा उंच हवेत तिला नर भेटतात. बहुतेक दुसऱ्या पेट्यांतले. आणि जो भेटतो तो तिथेच मरतो.

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे दुसऱ्याचं घर चालावं म्हणून मरतात."

"तसंच," मी म्हणालो. तेव्हाही माफी मागावी असं मला सुचलं नाही.

मावशींच्या नावावर दहा पेट्या आल्या, पण सांभाळल्या त्याने. असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगितल्या होत्या, त्या चाळीस वाट्या तो रोज सकाळी भरायचा. सोळा वर्षं कापडातली तुटलेली तार शोधायची सवय असलेले डोळे होते. पोळ्याच्या दोन-तीन हजार घरांत एक घर वेगळं असलं तर त्याला लांबून दिसायचं. पेटीतली गुणगुण त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो पेटीच्या बाजूला तळवा टेकवून उभा राहायचा. "मशीन बराबर चालू हाय," असं म्हणून पुढच्या पेटीकडे जायचा. पहिल्या वर्षी जांभळावर एवढा मध आला की मावशींनी गावात बरण्या वाटल्या. त्या वर्षी बैलांचा किस्सा त्यांनी कुणाला सांगितला नाही.

एक गोष्ट मात्र तो करायचा आणि मी ती बघत होतो. पेटीतल्या पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटींच्या खालच्या कडेला माश्या नरांची घरं बांधतात. ती कामकरींच्या घरांपेक्षा मोठी, आणि त्यांची झाकणं फुगीर. बाकीच्या वाड्यांतले लोक घाण म्हणून ती खरवडून टाकायचे. हा टाकत नव्हता. उलट जपायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "राहू द्या ना साहेब. त्यांनी काय वाईट केलंय?"

मी म्हणालो, "राहू दे. नरांना हात लावायची गरजच नाही."

हे मी छातीठोकपणे सांगितलं, कारण सातेरीच्या बाबतीत ते खरं होतं. इटालियन पेट्यांबरोबर एक छापील कागद आला होता, हिंदीत, बारीक अक्षरात. त्यात नरांच्या घरांबद्दल एक आख्खा परिच्छेद होता. तो मी वाचला नव्हता. दहा वर्षं माश्यांत काढलेल्या माणसाने कागद कशाला वाचायचा!

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपला तेव्हापासून काहीतरी बिनसलं. पेट्या भरेनात. जानेवारीत मी गेलो तेव्हा पेट्यांसमोरच्या जमिनीवर माश्या चालत होत्या. उडत नव्हत्या, चालत होत्या. उचलून बघितलं तर पंख चुरगळलेले, पोट आखूड. काही तर घराबाहेर पडता पडताच मेलेल्या. मला वाटलं शेजारच्या काकडीवर औषध फवारलं असणार. पण विषाने मेल्या असत्या तर एका दिवसात ढीग पडला असता, आणि पंख धड असते. हे मला माहीत होतं, तरी मी औषधाचंच बोलून साखरेचा पाक द्यायला सांगितला आणि निघालो. काही सुचत नसलं की आम्ही खात्यातले लोक पाक द्यायला सांगतो.

चार दिवसांनी तो स्वतः भिवंडीला माझ्या घरी आला. एस.टी.ने, दोन गाड्या बदलून. त्या शहरात त्याला यायचं नसायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच लूमचा कारखाना होता, तिथून येताना त्याने दोन्ही कान हातांनी दाबले होते. माझ्या आईने पाणी दिलं. त्याने शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली आणि टेबलावर उघडली.

आत नराचा एक कोष होता, पांढरा, डोळे नुकते जांभळे व्हायला लागलेला. त्याच्या अंगावर तीन ठिपके होते. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, तांबूस, चपटे. मी भिंग लावलं. एक ठिपका चालायला लागला. आठ पाय.

"कामकरींची घरं उघडून बघितली," तो म्हणाला, "त्यात कुठं एखादा. मग म्हटलं नरांची बघू. साहेब, ज्या घरात बघाल त्या घरात. कुठं तीन, कुठं पाच."

मी कपाटातून तो छापील कागद काढला. आईसमोर, त्याच्यासमोर, पहिल्यांदा वाचला.

ती वरोआ होती. गोचिडीच्या जातीची. मोठ्या माशीच्या पोटाच्या पट्ट्यांमध्ये घुसून बसते, म्हणून वरवर बघणाऱ्याला दिसत नाही. पोळ्यात अळीच्या घरावर मेणाचं झाकण बसायच्या जरा आधी मादी आत शिरते. झाकण बसलं की आतल्या कोषाला भोक पाडून त्यावर स्वतःही जगते आणि पोरंही जगवते. पहिलं पोर नर, पुढच्या सगळ्या मादी. त्यांची लग्नंही त्याच बंद घरात, भावाबहिणींत. माशी बाहेर पडते तेव्हा आईबरोबर तयार झालेल्या मुली तिच्या अंगावर बसून बाहेर येतात आणि नवीन घरं शोधतात. जी माशी अशी जन्मते ती हलकी असते, थोडं जगते. या गोचिडीबरोबर रोगही येतो, त्याने पंख चुरगळतात. मग चारा आणणाऱ्या कमी होतात, अळ्या उपाशी राहतात आणि पेटी आतल्या आत बसते. तेव्हा आम्ही ती रक्त पिते असं म्हणायचो. आता नव्या अभ्यासात म्हणतात की ती अंगातली चरबी खाते. माशीला काय फरक पडतो?

आणि नरांचं काय, तेही तिथेच होतं. कामकरी झाकणाखाली बारा दिवस असते, नर चौदा-पंधरा. जेवढे दिवस जास्त, तेवढ्या मुली जास्त तयार होतात. म्हणून ही गोचीड नरांचीच घरं निवडते. सातेरी माशी हिची जुनी ओळखीची. सातेरीत ती नरांच्या घरातच वाढू शकते, आणि मोठ्या सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरून तिला उचकटून टाकतात. त्यामुळे आम्हाला ती कधी जाणवलीच नाही. इटालियन माशीला हे येत नाही. तिच्यात गोचीड नरांत फोफावते आणि नर कमी झाले की कामकरींवर उतरते. उपाय लिहिला होता: नरांची घरं झाकणं बसली की, पण नर बाहेर यायच्या आत, कापून नष्ट करावीत.

वर्षभर आम्ही त्या गोचिडीसाठी पाळणाघर चालवलं होतं. तो माझ्या सांगण्यावरून, आणि मी माझ्या विनोदाच्या आणि अर्धवट अकलेच्या जोरावर.

त्याने विचारलं, "काय लिहिलंय?"

आता खरं लिहायला काय हरकत आहे? त्या महिन्यात मला कायम करायची फाईल वर गेली होती. दहा पेट्या मधुक्षेत्रिकाच्या चुकीने गेल्या, असं कुठे नोंदलं गेलं असतं तर फाईल खाली आली असती. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "मी वर विचारून घेतो. तोवर काही करू नकोस."

तो काडेपेटी मिटून खिशात घालून गेला. आई म्हणाली, "एवढ्या लांबून आला बिचारा, आणि तू काय त्याला हाकललंस?"

वर विचारायला बारा दिवस लागले. खरं तर विचारायचं काहीच नव्हतं, कागदावर सगळं होतं. बाराव्या दिवशी मी धारदार सुरी, गोचिडी मारायला फॉर्मिक आम्लाच्या बाटल्या आणि कापसाच्या वाती पिशवीत घालून दिघाशीला गेलो, तेव्हा दहातल्या सात पेट्या संपल्या होत्या. चार तर त्या बारा दिवसांतच. उरलेल्या मधावर शेजारच्या पेट्यांतल्या माश्यांनी लूट केली होती आणि पोळ्यांत मेणकिड्याची जाळी धरली होती.

अंगणात मावशी सुपात वाल पाखडत होत्या. खाटेवर एक अनोळखी माणूस बशीतून चहा पीत बसला होता. लूमचा मुकादम. कारखान्यात माणूस कमी होता आणि जुना कारागीर हवा होता. पुढच्या सोमवारपासून ड्युटी.

मावशींनी मला बघून सूप खाली ठेवलं. "आलास मास्तर? बघ तुझ्या माश्या. सात पेट्या गेल्या. मी याला बोल्ले, गावात सगली मानसं ती खालची घरं खरवडून टाकतात. हा म्हनतो, न्हाय, त्यांना ऱ्हाऊ दे. जावई जपत बसला! आता सोमवारी जा म्हनलं कामावर. घरात बसून न्हाय भागत."

"आणि त्याचे कान?" मी विचारलं.

"पोट हाय ना कानाच्या आधी," त्या म्हणाल्या. पण सूप उचलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तो मागे जांभळाखाली होता. उरलेल्या तीन पेट्यांपैकी एकीवर तळवा टेकवून उभा. मला बघून म्हणाला, "ही चालू हाय साहेब. जरा हळू हाय."

मी त्याच्या डाव्या बाजूला गेलो. मी कानाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात सांगितलं, की चूक तुझी नाही. नरांची घरं ठेव असं मीच सांगितलं. कागद मी वाचला नव्हता. आणि त्या दिवशी वाचला तरी बोललो नाही. मला माफ कर.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "काय? न्हाय आलं ऐकू."

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

त्याने हात कानामागे धरला. "मशीनचा आवाज बसलाय ना साहेब. जोरात बोला."

आता जोरात म्हणजे किती जोरात! अंगणात मुकादम आणि मावशी, कुंपणापलीकडे काकडी तोडणारी शेजारची माणसं. मला चिडचिड झाली. त्याच्यावर, मुकादमावर, सगळ्यांत जास्त स्वतःवर. आणि त्या तिरीमिरीत मी ओरडलो, शाळेत मागच्या बाकापर्यंत ओरडतात तसा.

"चूक माझी होती! नरांची घरं कापायला पाहिजे होती! त्यांना हात लावू नको असं तुला मी सांगितलं! पेट्या तुझ्यामुळं गेल्या नाहीत, माझ्यामुळं गेल्या! ती गोचीड तू शोधून काढलीस, मी नाही! आणि घरजावई म्हणून लोकांना तुझ्यावर हसवलं, त्याबद्दलही माफ कर!"

जांभळावरचे बगळे उडाले. मुकादमाने बशी खाली ठेवली. मावशी सूप हातात धरून पेट्यांपाशी आल्या.

"म्हंजे यानं बरोबर केलं होतं?"

"मी सांगितलं तसं केलं होतं," मी म्हणालो. "चूक सांगणाऱ्याची."

"आनि ह्या तीन जगतील?"

"यांच्यातली नरांची घरं आज कापली, आणि दर वेळी झाकणं बसली की कापत राहिलो, तर जगतील. वासाचं औषधही लावतो. पण रोज बघणारा माणूस पाहिजे. याच्या डोळ्यांचा माणूस."

मावशींनी सूप कडेला ठेवलं. मग मुकादमाकडे वळून म्हणाल्या, "दादा, तुमी जा. जांभूल फुलूदे, मग बघू."

आम्ही पहिली पेटी उघडली. मी माश्या शांत करायला धुराड्याने धूर सोडला, त्याने चौकट काढून उभी धरली. कडेला नरांची घरं होती, फुगीर झाकणांची. मी सुरी पुढे केली. त्याने घेतली, आणि तो तसाच उभा राहिला. ज्या माणसाला सगळं गाव त्या माशीच्या नावाने चिडवत होतं, त्याच्या हातात मी सुरी दिली होती. हेही मला तेव्हाच कळलं, आधी नाही.

मावशींनी पुढे होऊन सुरी काढून घेतली. "तुमी चौकट धरा," त्या जावयाला म्हणाल्या. जाळी नाही, काही नाही, पदर डोक्यावरून तोंडाशी ओढला आणि भाजी चिरावी तशी सफाईने ती पट्टी कापून काढली. एक माशी मनगटाला डसली. नांगी नखाने खरवडून टाकली आणि पुढची चौकट मागितली. कापलेलं पोळं अंगणात फेकलं, ते कोंबड्यांनी पाच मिनिटांत संपवलं. त्या गोचिडींसकट.

"आजपासून यांना नर बोलायचं," मावशी मला म्हणाल्या. "नुसतं नर. आमचा जावई काम करतो."

मग दोन महिने मी दर आठवड्याला गेलो, रजा टाकूनसुद्धा. प्रत्येक पेटीत एक चौकट अर्धी रिकामी सोडली, माश्या तिथे नरांची घरं बांधायच्या, त्यात गोचिडी जमा व्हायच्या आणि झाकणं बसली की ती पट्टी कोंबड्यांना जायची. आम्लाची वात लावलेली बाटली तळाशी. तळाला तेल लावलेला पांढरा कागद, त्यावर पडलेल्या गोचिडी तो रोज सकाळी मोजायचा. आधी कागद तांबूस दिसायचा. फेब्रुवारीच्या शेवटी त्याने मला एक कागद दाखवला आणि म्हणाला, "बघा. दोनच तारा तुटल्यात."

मीही खात्याला खरा अहवाल लिहिला. फाईल खाली आली, दीड वर्ष पडून राहिली, मग वर गेली. त्या दीड वर्षाचं मला काही वाटत नाही.

मार्चमध्ये जांभूळ फुललं. झाडाखाली उभं राहिलं की वरून गुणगुण यायची, सगळं झाड बोलत असल्यासारखी. एप्रिलमध्ये आम्ही मध काढला. तीन पेट्यांचा, पहिल्या वर्षाच्या मानाने थोडाच, पण त्या तिन्ही काठोकाठ माश्यांनी भरल्या होत्या आणि एकीच्या तर पुढे दोन करता येणार होत्या. कामकरींचे पंख सरळ, काचेसारखे साफ. मुकादम पुन्हा आला नाही.

मध गाळून झाल्यावर आम्ही दोघं जांभळाखाली बसलो होतो. तो एका पेटीला तळवा लावून बसला होता. मावशी घरात होत्या. त्याने अंगणाकडे एकदा बघून घेतलं आणि हसत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं होतं मी."

"काय?"

"माफी. तुम्ही हळू बोललात ना, तेव्हाच सगळं ऐकू आलं. डाव्या कानाशी तर बोलत होतात."

"मग मला एवढं ओरडायला का लावलंस?"

"मी ऐकून काय फायदा?" तो घरातल्या मावशींकडे मान करून म्हणाला. "आईंनी ऐकायला पाहिजे होतं."

मला शरमेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण हसूच आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. या माणसाने आपलं घर वाचवलं, कान वाचवले, आणि जाता जाता मलाही एकदा तरी सगळ्यांसमोर खरं बोलायला लावून माणसांत आणलं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी शेकडो लोकांना शिकवलं, प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि फळ्यावरच्या तिसऱ्या माशीला फक्त नर म्हणालो. ते त्याने शिकवलेलं आहे.

मी सरकून त्याच्या डाव्या बाजूला बसलो आणि अगदी हळू, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, त्याचे आभार मानले.

पेटीवरचा तळवा न काढता तो म्हणाला, "ऐकलं."